तीनशे पदांपर्यंत सगळे सुरळीत होते : गुणोत्तर कसोटी आणि १७६८ची एक श्रेढी

१/ अनंत श्रेढीची पदे एकामागून एक लहान होत चालली आहेत. शंभर पदे तपासली, दोनशे तपासली, प्रत्येक पद आधीच्या पदाहून लहान निघाले. मग श्रेढीची बेरीज एका निश्चित संख्येकडे जाते, असे म्हणता येईल का? अठराव्या शतकातील अनेक गणिती व्यवहारात तसेच मानून पुढे जात. फ्रेंच गणिती ज्याँ दालांबेर याने १७६८ साली या समजुतीला एका उदाहरणाने धक्का दिला. आज महाविद्यालयात ज्या गुणोत्तर कसोटीला त्याचे नाव जोडले जाते, तिचा अर्थ त्या एका उदाहरणातून जितका स्पष्ट होतो तितका सूत्र पाठ करून होत नाही. या धाग्यात तेच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू आणि त्याच्या आधारे कसोटीचा निष्कर्ष बरोबर काढला आहे की नाही हे कसे ओळखावे, ते समजून घेऊ.

२/ आधी पार्श्वभूमी. न्यूटनने १६६४-६५च्या सुमारास द्विपद सिद्धांत अपूर्णांकी घातांपर्यंत वाढवला आणि १६७६ साली पत्रांद्वारे तो लाइप्निट्सला कळवला. त्यामुळे वर्गमूळासारखी राशीही बेरजेच्या रूपात मांडता येऊ लागली :

√(1 + x) = 1 + x/2 − x²/8 + x³/16 − 5x⁴/128 + …

घात धन पूर्णांक असता तर ही बेरीज कुठेतरी संपली असती. घात १/२ असल्यामुळे ती संपत नाही. गणना करणाऱ्याला मात्र कुठेतरी थांबावेच लागते, आणि थांबताना उरलेल्या अनंत पदांवर विश्वास टाकावा लागतो. त्या विश्वासाला आधार काय, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे मागे पडला होता. उत्तरे बहुधा बरोबर येत असल्यामुळे तो विचारण्याची निकड कुणाला फारशी जाणवली नाही.

३/ दालांबेरने आपल्या गणितविषयक लेखसंग्रहाच्या पाचव्या खंडात, १७६८ साली, याच श्रेढीत x च्या जागी २००/१९९ ही संख्या घातली. निवड मार्मिक होती. ही संख्या १ पेक्षा मोठी आहे, पण इतकी किंचित की तो फरक डोळ्यांत भरत नाही. श्रेढीची पहिली काही पदे, चिन्हे बाजूला ठेवून, अशी येतात : १, ०.५०२५, ०.१२६३, ०.०६३४, ०.०३९९. पदे झपाट्याने घटत आहेत. मूळ राशीचे, म्हणजे ३९९/१९९ च्या वर्गमूळाचे, खरे मूल्य सुमारे १.४१५९९ आहे, आणि आंशिक बेरजा त्याच्या दोन्ही बाजूंना झुलत त्याच्या अधिकाधिक जवळ येताना दिसतात. इथे शंका घ्यावी असे वरकरणी काहीच नाही.

४/ आता प्रत्येक पदाला त्याच्या आधीच्या पदाने भागून पाहू. x च्या n व्या घाताच्या पदाकडून पुढच्या पदाकडे जाताना, चिन्ह वगळून, गुणोत्तर असे येते :

(n − 1/2)/(n + 1) × 200/199

n = १ असताना ते ०.२५१ आहे, n = २ असताना ०.५०३, n = ३ असताना ०.६२८. शंभराव्या घातापाशी ते ०.९९० पर्यंत चढलेले असते. प्रत्येक वेळी गुणोत्तर १ पेक्षा कमी, म्हणून प्रत्येक पद आधीच्या पदाहून लहान. ‘पदे घटत आहेत, म्हणून श्रेढी अभिसारी आहे’ असे मानणारा गणक इथेच समाधानाने लेखणी खाली ठेवील.

५/ दालांबेर थांबला नाही. वरच्या गुणोत्तरात दोन अवयव आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. पहिला अवयव, (n − 1/2)/(n + 1), नेहमी १ पेक्षा लहान असतो, पण n वाढत गेला की १ च्या जवळ सरकत जातो. म्हणजे पदांना लहान करण्याची त्याची शक्ती क्षीण होत जाते. दुसरा अवयव २००/१९९ मात्र कधीच थकत नाही. प्रत्येक पायरीवर तो पदाला साधारण अर्ध्या टक्क्याने फुगवतो. सुरुवातीला पहिल्याची सरशी होते. कधीतरी दुसऱ्याची पाळी येणार, हे अटळ आहे.

६/ ती पाळी नेमकी कुठे येते, हे साध्या बीजगणिताने सापडते. गुणोत्तर १ होण्यासाठी 200(n − 1/2) आणि 199(n + 1) या राशी समान व्हायला हव्यात. n = २९९ घेतले की दोन्हीकडे ५९,७०० येतात. म्हणजे २९९व्या आणि ३००व्या घाताची पदे आकाराने अगदी सारखी आहेत, आणि त्यानंतर प्रत्येक पद आधीच्याहून मोठे होत जाते. संक्रमण इतके मूक आहे की पुढच्याच पायरीवरचे गुणोत्तर अवघे १.००००१७ असते. पदांचे कोष्टक हाताने मांडणाऱ्याला तिथे काही बदलले आहे अशी चाहूलही लागणार नाही.

७/ पुढे काय होते ते पाहा. तीनशेव्या घाताचे पद सुमारे ०.०००२४ आहे, याहून लहान पद या श्रेढीत कुठेच सापडत नाही. हजाराव्या घाताशी ते ०.००१३ झालेले असते. दोन हजाराव्याशी ०.०७. तीन हजाराव्या घाताचे पद जवळजवळ ६ इतके आहे. ज्या बेरजेचे उत्तर दीडच्याही आत असायला हवे, तिच्यात आता सहा मिळवायचे, मग सहाहून थोडे अधिक वजा करायचे, मग आणखी थोडे अधिक मिळवायचे. आंशिक बेरजा एकीकडून दुसरीकडे वाढत्या झोक्याने हेलकावतात आणि कोणत्याही संख्येवर स्थिरावत नाहीत. श्रेढी अपसारी आहे; आणि तशी ती पहिल्या पदापासूनच होती. आपल्याला कळायला तीनशे पदे लागली, एवढेच.

८/ इथे कसोटीचा गाभा हाती येतो. अभिसरण हा श्रेढीच्या शेपटीचा गुण आहे. सुरुवातीची तीनशे काय, तीन कोटी पदे कशीही वागली तरी त्यावरून काही ठरत नाही, कारण मर्यादित पदांची बेरीज नेहमीच मर्यादित असते. म्हणून विचारायचे ते एवढेच : n अमर्याद वाढत गेला असता गुणोत्तर कोणत्या संख्येकडे जाते? इथे पहिला अवयव १ कडे जातो, म्हणून गुणोत्तराची सीमा २००/१९९, म्हणजे साधारण १.००५. ती १ पेक्षा मोठी आहे, म्हणून अपसरण निश्चित. एकही पद प्रत्यक्ष न मोजता हे एका ओळीत सांगता येते.

९/ पण ‘१ पेक्षा कमी’ या शब्दांत आणखी एक खाच आहे. समजा गुणोत्तर प्रत्येक पायरीवर, अगदी शेवटपर्यंत, १ पेक्षा कमीच राहिले. मग तरी अभिसरण मानावे का? 1 + 1/2 + 1/3 + 1/4 + … ही हरात्मक श्रेढी घ्या. तिचे गुणोत्तर n/(n + 1) आहे. ते कधीही १ होत नाही, सदैव कमीच. तरीही ही श्रेढी अपसारी आहे, हे फ्रान्समधील निकोल ओरेमने १३५०च्या सुमारासच दाखवले होते. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून अधिक होतात. पुढची चार पदे मिळून पुन्हा अर्ध्याहून अधिक. त्यापुढची आठ पदे मिळून पुन्हा तसेच. अर्ध्याअर्ध्याची भर कधीच थांबत नाही. वाढ मात्र इतकी संथ आहे की दहा लाख पदांची बेरीजही १४.४ च्या आतच राहते. कोष्टक पाहून ही श्रेढी कधी ओळखता येणार नाही.

१०/ मग कसोटीला नेमके काय हवे असते? गुणोत्तर आणि १ यांच्यामध्ये कायमची मोकळी जागा. समजा एका टप्प्यानंतर प्रत्येक गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आहे. मग त्या टप्प्यापासून पुढचे प्रत्येक पद 1, 0.9, 0.81, 0.729 अशा भूमिती श्रेढीच्या सावलीत बसते. तिची बेरीज मर्यादित असल्यामुळे तिच्या सावलीतल्या पदांचीही बेरीज मर्यादित राहते. कसोटीची सिद्धता एवढीच आहे : भूमिती श्रेढीशी तुलना. हरात्मक श्रेढीचे गुणोत्तर १ च्या खाली असले तरी त्याला चिकटत जाते, ०.९, ०.९९, ०.९९९ अशी कोणतीही रेषा आखा, ते कधीतरी ती ओलांडून वर जाते. तुलनेसाठी भूमिती श्रेढीच हाती लागत नाही, म्हणून निष्कर्षही निघत नाही.

११/ आजच्या सर्वपरिचित रूपात ही कसोटी पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमधील विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या ओग्युस्तँ-लुई कोशीच्या १८२१च्या ग्रंथात दिसते. गुणोत्तर एका निश्चित सीमेकडे जात असेल, तर ती सीमा १ पेक्षा कमी असता अभिसरण आणि जास्त असता अपसरण. सीमा १ असेल त्या ठिकाणी कोशीने यातून निष्कर्ष काढला नाही. त्यासाठी वेगळ्या कसोट्या दिल्या. दालांबेरच्या उदाहरणापासून इथपर्यंत त्रेपन्न वर्षे गेली. या काळात बदललेली मुख्य गोष्ट म्हणजे प्रश्नाची भाषा. ‘पदे घटत आहेत का?’ या प्रश्नाची जागा ‘आंशिक बेरजा एका सीमेकडे जातात का?’ या प्रश्नाने घेतली.

१२/ चिन्हांविषयी एक सावधगिरी. दालांबेरच्या श्रेढीत दुसऱ्या पदानंतर अधिक-उणे आलटूनपालटून येतात, म्हणून चिन्हासकट गुणोत्तर घेतले तर त्याची सीमा −२००/१९९ येते. ही संख्या ‘१ पेक्षा कमी’ आहे, म्हणून श्रेढी अभिसारी, असे कुणी लिहिले तर त्याचे भागाकार अचूक असूनही निष्कर्ष उलटा निघतो. भूमिती श्रेढीशी तुलना आकाराची असते, चिन्हाची नव्हे. म्हणून गुणोत्तराचे केवल मूल्य घ्यावे लागते. उत्तरपत्रिकांत ही चूक आजही सहज होते.

१३/ आता सीमा बरोबर १ असते त्या ठिकाणी जाऊ. त्याच वर्गमूळाच्या श्रेढीत x = १ घाला. फुगवणारा अवयव नाहीसा होतो, गुणोत्तर (n − 1/2)/(n + 1) एवढेच उरते आणि त्याची सीमा १. हरात्मक श्रेढीचीही सीमा १ होती आणि ती अपसारी निघाली. मग हीदेखील अपसारी का? नाही, ही अभिसारी आहे. एकच सीमा, दोन वेगळी भवितव्ये. म्हणूनच ‘सीमा १ आली, म्हणून श्रेढी अपसारी’ हे विधान ‘सीमा १ आली, म्हणून अभिसारी’ या विधानाइतकेच निराधार आहे. कसोटी इथे मौन पाळते, आणि त्या मौनातून होकार किंवा नकार काढणे हा वाचणाऱ्याचा अपराध.

१४/ मौन तोडायचे तर अधिक बारीक चाळण लागते. योझेफ लुडविग राबे याने १८३२ साली अशी एक चाळण दिली. गुणोत्तर १ कडे जाते हे मान्य. पण किती वेगाने? ते १ पासून किती कमी आहे ते काढा आणि त्याला n ने गुणा. आपल्या श्रेढीत ही कमतरता (3/2)/(n + 1) आहे. N ने गुणल्यावर सीमा ३/२ येते. ती १ पेक्षा मोठी असली की अभिसरण निश्चित. हरात्मक श्रेढीत हेच केले तर सीमा बरोबर १ येते आणि राबेची कसोटीही गप्प बसते. तिथे ओरेमची गटवारीच कामी येते. प्रत्येक चाळणीची जाळी कुठेतरी संपतेच.

१५/ या मौनाचे आणखी एक उदाहरण आपल्याकडचे आहे. चौदाव्या शतकात केरळात होऊन गेलेल्या संगमग्रामच्या माधवाच्या परंपरेत वर्तुळाच्या परिघासाठी श्रेढी सापडतात. सोळाव्या शतकातील ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात त्यांची उपपत्ती दिली आहे. त्यांपैकी एक आजच्या चिन्हांत अशी :

π/4 = 1 − 1/3 + 1/5 − 1/7 + …

हिच्या गुणोत्तराची सीमा १. गुणोत्तर कसोटी काहीच सांगत नाही. तरी श्रेढी अभिसारी आहे, कारण घटत घटत शून्याकडे जाणारी पदे आलटूनपालटून अधिक-उणे होतात. पण गती फार मंद : हजार पदे घेऊनही π च्या मूल्यात तिसऱ्या दशांश स्थळी सुमारे एकाची चूक राहते.

१६/ त्याच परंपरेत दुसरे रूपही आहे :

π = √12 × (1 − 1/(3×3) + 1/(5×3²) − 1/(7×3³) + …)

इथे गुणोत्तराची सीमा, केवल मूल्याने, १/३ आहे. आता कसोटी बोलते, आणि अभिसरणाबरोबर गतीचाही अंदाज देते : शेपटीतले प्रत्येक पद आधीच्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके. दहा पदांतच चूक एक लाखांशाहून कमी होते आणि एकवीस पदांत π ची अकरा दशांश स्थळे मिळतात. १५व्या भागातील श्रेढीशी ताडून पाहिले, की सीमा १ येणे आणि १/३ येणे यांत गणकाच्या श्रमांचा केवढा फरक पडतो ते दिसते.

१७/ आता पुन्हा x = १ च्या वर्गमूळाकडे. राबेच्या कसोटीने ती श्रेढी अभिसारी ठरली. पण तिची बेरीज √२ च आहे, हे कशावरून? अभिसरणाची कोणतीही कसोटी हे सांगत नाही. बेरीज अस्तित्वात आहे, एवढेच ती सांगते. कोणती, याचे उत्तर दुसरीकडून आणावे लागते. नॉर्वेच्या नील्स आबेलने १८२६ साली ‘क्रेले’च्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात नेमक्या द्विपद श्रेढीवर लेख लिहिला. घातश्रेढी सीमेवरच्या बिंदूशी अभिसारी असेल, तर आतल्या बिंदूंवरून तिथे जाताना तिची बेरीज सलग राहते, असे त्याने त्यात दाखवले. म्हणून x = १ शी मिळणारी बेरीज √२ च. आबेल तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि न्यूटनच्या सिद्धांताला दीडशेहून अधिक वर्षे उलटली होती.

१८/ शेवटी दालांबेरच्या श्रेढीवर एक निवाडा करून पाहू. समजा कुणी लिहिले : ‘पहिल्या तीनशे पदांपर्यंत गुणोत्तर १ पेक्षा कमी आहे, म्हणून श्रेढी अभिसारी आहे आणि तिची बेरीज १.४१६ आहे.’ यात गुणोत्तरांचे आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष चुकीचा आहे, कारण सुरुवातीच्या गुणोत्तरांवरून तो काढला आणि सीमा घेतलीच नाही. ‘बेरीज’ हा शब्दही चुकीचा आहे, कारण या श्रेढीला बेरीजच नाही.

१९/ आणि तरी १.४१६ ही संख्या वर्गमूळाचे मूल्य म्हणून तीन दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे! या श्रेढीत कुठेही थांबले तरी आंशिक बेरजेची चूक पुढच्या पहिल्या पदाहून कमी राहते. म्हणून सर्वांत लहान पदापाशी, म्हणजे तीनशेच्या आसपास, थांबणाऱ्याची चूक ०.०००२५ हूनही कमी असते. अपसारी श्रेढीही योग्य ठिकाणी थांबणाऱ्याला उपयोगी उत्तर देऊ शकते. अठराव्या शतकातील गणिती इतकी वर्षे निभावून गेले, त्याचे एक कारण हेच. उत्तर बरोबर येणे आणि युक्तिवाद बरोबर असणे या दोन गोष्टी आहेत, आणि या श्रेढीत तीनशेव्या पदानंतर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

२०/ म्हणून गुणोत्तर कसोटीने काढलेला कोणताही निष्कर्ष समोर आला, की चार गोष्टी पाहाव्यात. गुणोत्तराचे केवल मूल्य घेतले आहे का? n अनंताकडे नेऊन सीमा काढली आहे, की सुरुवातीचे आकडे पाहून समाधान मानले आहे? सीमा १ आली असेल, तर लिहिणारा थांबून दुसऱ्या कसोटीकडे वळला आहे का? आणि अभिसरण सिद्ध झाल्यावर बेरीज कोणती, याचे स्वतंत्र कारण दिले आहे का? १७६८च्या त्या श्रेढीवर पहिले तीन प्रश्न लावले की तीनशे पदे मोजत बसावे लागत नाही. चौथा प्रश्न तर तिच्या बाबतीत उद्भवतच नाही.